गोळी बाटलीत नको, चमच्यात द्या

«बाळ १२ दिवसांचं, वजन ३ किलो. थायरॉइडची गोळी रोज ३७.५ मायक्रोग्रॅम लिहून दिलीय. माझ्या आईला ५० चालते, मग बाळाला एवढी कशी? बाटलीत घातली तर चालेल?»

डोस बरोबर आहे. जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेत सुरुवात किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅमने करतात. तुमचा हिशोब १२.५ येतो. मोठ्यांना किलोमागे दीडेक पुरतो, म्हणून आकडा दचकवतो. मेंदूची वाढ आत्ताच होत असते, त्यामुळे कमी करून देऊ नका.

बाटलीत मात्र नको. दूध उरलं की औषधही उरलं. आमच्या लेकीचा टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, उतरेना, तेव्हा लक्षात आलं की वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी चिकटून राहतेय. मग दोन चमच्यांच्या मधे गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात कालवायची, लगेच पाजायची आणि तोच चमचा पुन्हा थोड्या दुधाने विसळून पाजायचा, असं सुरू केलं. आदल्या रात्री कालवून ठेवू नका. लोह-कॅल्शियमचे थेंब चार तासांनी.

पहिली रक्ततपासणी एक-दोन आठवड्यांत होईल. त्या दिवशी रक्त आधी, गोळी नंतर. नाहीतर फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉइड हार्मोन, उगाच जास्त दिसतो. पुढे टीएसएच ताळ्यावर येईपर्यंत दर दोन आठवड्यांनी. डोस बदलायचा तो डॉक्टरांनीच.