दांडियाच्या दिवशी स्कॅनर बंद पडला तर?

सेक्रेटरी (ए-१०१): शनिवारच्या दांडियाचे पास सगळ्यांच्या मोबाइलवर आलेत. दोन्ही गेटवर स्कॅनर असेल. पण नेट पूर्ण गेलं तर काय, ते आजच ठरवू.

रोहन (डी-७०४): माझा हॉटस्पॉट आहे ना!

मीनल ताई (बी-३०२): रोहन, नुसता राउटर बंद पडला तर चालेल. पण ग्राउंडवर गर्दी झाली की टॉवरच जाम होतो, मग हॉटस्पॉटही रडतो. कॉलेजच्या फेस्टला मी एंट्रीचं बघते, छापील यादी लागतेच.

जोशी काका (सी-२०४): आडनावाप्रमाणे छापू?

मीनल ताई: नको काका, एकाच आडनावाची पाच-सहा घरं आहेत. फ्लॅट नंबरप्रमाणे छापू. ओळीत जितके पास तितके रिकामे चौकोन. समजा, डी-५०२ ने ४ पास घेतले. आठला दोघं आली, दोन चौकोनांवर काट. नऊला उरलेली दोघं आली, उरलेल्या दोनांवर. पाचवं माणूस आलं तर चौकोनच शिल्लक नाही, तिथल्या तिथे कळतं.

सेक्रेटरी: मग दोन्ही गेटवर एकेक प्रत ठेवतो.

मीनल ताई: तिथेच घोळ होतो. मेन गेटवर मारलेली काट मागच्या गेटवाल्यांना दिसत नाही. एकच स्क्रीनशॉट दोघांकडे असला की एक पुढून येतो, एक मागून. नेट असताना सर्व्हर अडवतो, एरवी कोणी नाही. म्हणून ए-बी मेन गेट, सी-डी मागचं गेट. एका फ्लॅटची ओळ एकाच टेबलावर हवी.

जोशी काका: आणि मधेच नेट गेलं तर? आधी कोण आत गेलं, ते कागदाला कसं कळणार?

मीनल ताई: बरोबर विचारलंत काका. म्हणून स्कॅनर चालू असतानाही शेजारी बसलेल्याने पहिल्या माणसापासून कागदावर काट मारत जायची. नेट गेलं की फक्त स्कॅनर खाली ठेवायचा, रांग थांबत नाही. आणि एकदा कागदावर आलो की त्या रात्री परत स्कॅनरवर जायचं नाही, नाहीतर दोन हिशोब होतात.

देशपांडे काकू (सी-६०३): अगं, सासूबाईंना मागच्या गेटपर्यंत चालवणार नाही.

मीनल ताई: काकू, आजींना मेन गेटनेच आणा. तिथला माणूस इंटरकॉमवरून मागच्या केबिनला सांगेल आणि काट तिकडच्याच कागदावर पडेल. आपला इंटरकॉम वायरचा आहे, त्याला नेट लागत नाही. फक्त बॅटरी चालू आहे का, ते बघून ठेवा.

सेक्रेटरी: गेटवर पास विकायचे?

मीनल ताई: नको. यूपीआयही अडकेल आणि सुट्ट्यांवरून रांग तुंबेल. शनिवारी पाचला विक्री बंद, त्यानंतरच यादी छापायची.

सेक्रेटरी: ठरलं. प्रिंट माझ्याकडे. रोहन, दोन्ही टेबलांना टॉर्च आणि पेनं तुझ्याकडे.

रोहन: हो काका. मागच्या गेटवर मीच बसतो.