‘एरर बार’ला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडकर: मुलगी बारावीला आहे, बटाट्यातल्या कॅटालेजचा प्रयोग मराठीत लिहितेय. बटाट्याच्या चकत्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकून एका मिनिटात किती ऑक्सिजन निघतो, ते तीन-तीनदा मोजलं. २० अंशांना १४, १५, १३ मिलि. ३० अंशांना १८, १७, १०. आलेखावर तिने ‘चूक-पट्टी’ लिहिलंय. चालेल?

पेठेतला: एरर म्हणजे चूकच. तो १० काढून टाका, सरासरी घ्या, मग पट्टी लागतच नाही.

जीवशास्त्रवाली: १० बद्दलची शंका रास्त आहे, पण नुसतं खोडू नका. चकत्या टाकल्यावर बूच बसवायला उशीर झाला की सुरुवातीचा वायू निसटतो आणि आकडा कमीच येतो, जास्त कधी येत नाही. तसं काही झालं होतं का, हे तिला आठवेल. ते वहीत नोंदवावं आणि ३० अंशांचं रीडिंग पुन्हा घ्यावं.

‘चूक’ मात्र नको. १४, १५, १३ मध्ये कोणाचीच चूक नाही. चकत्या एकसारख्या नसतात. ती रेघ रीडिंग किती पसरली ते दाखवते. २० अंशांची रेघ १३ ते १५, ३० अंशांची १० ते १८. पहिली दुसरीच्या पोटात मावते. म्हणून सरासरी १४ आणि १५ असली, तरी ३० अंशांना वेग जास्त, असं यावरून म्हणता येत नाही.

कोथरूडकर: तिने ‘१५ ± ४’ लिहिलंय, विस्तार ८ चा निम्मा.

जीवशास्त्रवाली: मग रेघ ११ ते १९ होते. १९ कधी मिळालंच नाही आणि १० बाहेर राहिलं! सर्वांत लहान आकड्यापासून मोठ्यापर्यंत रेघ काढा. ती ठिपक्याच्या खाली लांब आणि वर आखूड आली तरी बिघडत नाही.

एक्सेलप्रेमी: रेंज म्हणजे अक्ष कुठून कुठपर्यंत, तेच ना? ० ते २० ठेवा. आणि स्तंभालेख छान दिसतो.

जीवशास्त्रवाली: ती अक्षाची मर्यादा, इथे रीडिंगचा विस्तार म्हणायचंय. तापमान सलग बदलतं, म्हणून ठिपके आणि रेषालेख. बटाटा, गाजर, मुळा यांची तुलना असती तर स्तंभालेख घेतला असता.

टेकडीवरची: वेताळ टेकडीवरच्या गिरिपुष्पाच्या ६० पर्णिकांची लांबी मोजलीय. मीही विस्ताराचीच रेघ काढू?

जीवशास्त्रवाली: साठांत एखादी कोवळी किंवा अवाढव्य पर्णिका येणारच, आणि विस्तार त्या दोघींवरच ठरतो. तिथे प्रमाण विचलन बरं. आधी आयतालेख काढून लांबी कशी विखुरलीय ते पाहा. रेघ कशाची, हे मात्र आलेखाखाली लिहाच.

पेठेतला: मग ‘चूक’ नको हे पटलं. ‘त्रुटी’ही नको, अर्थ तोच. ‘विस्तार-रेघ’?

टेकडीवरची: माझी रेघ विस्ताराची नाही, मग मी काय लिहू?

जीवशास्त्रवाली: मी वर्गात ‘एरर बार’च म्हणते. ‘पसार-रेघ’ दोन्हींना चालेल, पण परीक्षकाला कळेल का, शंका आहे.