अनुभव धागा: बोटं, डावं-उजवं, लिहिणं आणि हिशेब एकदम बिघडतात तेव्हा

नौपाडा, न्यूरोसायकॉलॉजिस्ट (धागा सुरू)

गर्स्टमन सिंड्रोमचे रुग्ण ठाणे आणि नवी मुंबईत ज्यांनी स्वतः तपासले आहेत किंवा घरी सांभाळले आहेत, त्यांनी इथे लिहावं ही विनंती. डाव्या अँग्युलर गायरसला, म्हणजे मेंदूच्या डाव्या पराइटल भागातल्या मागच्या बाजूच्या एका घडीला, इजा झाली की बोटं ओळखणं, डावं-उजवं, लिहिणं आणि हिशेब हे चारही एकत्र बिघडलेले दिसतात, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही ती नेमकी कशी तपासली, कुठे फसगत झाली आणि त्यातून काय कळलं, ते हवं आहे.

सुरुवातीला एक गोष्ट सांगते. "मला बोटं ओळखता येत नाहीत" अशी तक्रार घेऊन कुणीही येत नाही. तक्रार असते ती सुट्टे पैसे चुकतात, चेक लिहिता येत नाही, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर भलतीकडेच वळतात, अशी. बोटांचं तपासल्याशिवाय कळतच नाही, आणि चाचणी जरा चुकली तरी नसलेला दोष दिसायला लागतो.

वाशी, स्पीच थेरपिस्ट

एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमधला एक व्यापारी, वय एकसष्ट. छोटा स्ट्रोक, इजा डाव्या पराइटल भागात मागच्या बाजूला. बोलणं ऐकून काही बिघडलंय असं वाटतच नव्हतं. गप्पा, भाव, गोण्यांचा दर्जा, सगळं व्यवस्थित. मुलाने हिशेबपट्टी पुढे ठेवली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

तेराचा पाढा त्यांनी न अडखळता म्हटला. मग 402 वजा 178 लिहून दिलं. उत्तर आलं 376. हे उत्तर उगाच कुठून तरी आलेलं नाही. प्रत्येक रकान्यात मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा केला आहे: 4 मधून 1, मग 0 आणि 7 चे 7, मग 8 मधून 2. हातचा घ्यायचा असतो हे सुटलं. खरं उत्तर 224. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. "चारशेतून पावणेदोनशे गेले, उरले पावणेचारशे, असं होईल का?" असं विचारलं तर त्यांना त्यात काही खटकेना. संख्येचा अंदाजच गेला होता. पाढा म्हणजे लहानपणी पाठ केलेलं बोलणं, म्हणून तो शाबूत राहिला. "पाढे येतात, म्हणजे गणित ठीक आहे" असं घरचे म्हणतात तेव्हा मी लगेच हातच्याची वजाबाकी देते.

मराठीत एक वेगळीच अडचण येते. "सत्तेचाळीस" सांगितलं तर त्यांनी 74 लिहिलं. मराठीत एकक आधी ऐकू येतो, त्यामुळे थकलेला निरोगी माणूसही क्वचित असं लिहून जातो. म्हणून एवढ्यावरून मी काही ठरवत नाही. "दोनशे सात" सांगितल्यावर 2007 लिहिलं तेव्हा मात्र प्रश्न उरला नाही. दोनशे पूर्ण लिहून पुढे सात चिकटवला होता, म्हणजे स्थानाची किंमत हरवली होती. वाशीतल्या रुग्णांना मी सेक्टर आणि प्लॉट नंबर सांगून लिहायला लावते. रोजच्या वापरातला आकडा असल्यामुळे तो मनावर घेऊन लिहितात.

कळवा, फिजिओथेरपिस्ट

माझं मत असं की यात मूळ दोष बोटांचाच आहे. लहानपणी आपण बोटांवर मोजायला शिकतो. बोटं गेली की मोजणं गेलं, लिहायलाही बोटंच लागतात, आणि हात ओळखता आले नाहीत तर डावं-उजवं कुठून येणार? मी सरळ विचारतो: ही तर्जनी का अनामिका? उत्तर चुकलं की झालं निदान.

नौपाडा, न्यूरोसायकॉलॉजिस्ट

मूळ एकच असावं ही कल्पना जुनी आहे. गर्स्टमनने व्हिएन्नात 1924 साली बोटांचं लक्षण आधी मांडलं आणि नंतर बाकीची तीन जोडली. त्यालाही मुळाशी शरीराच्या प्रतिमेचाच बिघाड दिसत होता. पण मग एखाद्याचा हिशेब पूर्ण कोलमडलेला आणि बोटं मात्र ठीक, असे रुग्ण सापडायला नकोत. ते सापडतात.

चाचणीबद्दल मात्र मी ठाम आहे. आपल्याकडे अंगठा आणि करंगळी सगळ्यांना ठाऊक असतात. तर्जनी आणि अनामिका हे शब्द कित्येक जण शाळा सुटल्यापासून वापरत नाहीत. "अनामिका दाखवा" यात चुकलेला माणूस फक्त शब्द विसरलेला असू शकतो. त्यामुळे नावं टाळायची.

मी हे असं करते. आधी डोळे मिटून कापसाचा स्पर्श कळतो का ते बघते. हात बधिर असेल तर पुढची चाचणी निरर्थक ठरते. मग हात टेबलावर पालथा ठेवते आणि वर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालते, म्हणजे हात दिसत नाही. समोर कागदावर त्याच हाताची बाह्यरेखा. एका बोटाला स्पर्श करायचा आणि दुसऱ्या हाताने चित्रातलं तेच बोट दाखवायला सांगायचं. प्रत्येक बोट दोनदा, क्रम उलटसुलट, म्हणजे एका हाताचे दहा स्पर्श. चित्रावर 1 ते 5 आकडे घालू नका. आकड्यांचाच गोंधळ असलेल्या माणसाचं उत्तर मग नेमकं कशामुळे चुकलं ते कळत नाही.

शंका उरली तर किन्सबोर्न आणि वॉरिंग्टन यांनी 1962 मध्ये वापरलेली युक्ती सोपी आहे. एकाच वेळी दोन ठिकाणी स्पर्श करून विचारायचं: एकच बोट का दोन वेगळी? याला नाव लागत नाही, आकडाही लागत नाही.

चुका मधल्या तीन बोटांत जास्त होतात. अंगठा आणि करंगळी बहुधा वाचतात. आणि चुका दोन्ही हातांत दिसायला हव्यात, इजा फक्त डाव्या मेंदूत असली तरी. फक्त उजव्या हातातच चुकत असेल, तर आधी बधिरपणाचा विचार करा.

खारघर, एका मुलाची आई

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. चप्पल उलटी घालतो, 6 आणि 9 ची अदलाबदल करतो, वजाबाकीत तर अगदी वर लिहिलंय तसंच करतो. वाचून रात्री झोप लागली नाही. एमआरआय करून घ्यावा का?

वाशी, स्पीच थेरपिस्ट

ताई, इथे जे चाललंय ते आधी येत असलेलं अचानक गेलं याबद्दल आहे. तुमच्या मुलाचं अजून यायचं आहे. हातचा विसरून मोठ्यातून लहान वजा करणं ही शिकताना होणारी अगदी नेहमीची चूक आहे; त्या व्यापाऱ्याच्या बाबतीत ती चाळीस वर्षं हिशेब केल्यानंतर आली, म्हणून तिला वेगळा अर्थ. मुलांमध्येही या चारही अडचणी एकत्र दिसू शकतात, पण त्यासाठी शिकण्याच्या अडचणींचं मूल्यमापन करतात. डोकेदुखी, झटके किंवा आधी येणारं हरवणं यातलं काही नसेल, तर सुरुवात तिथून करा, एमआरआयपासून नको.

कोपरखैरणे, वडिलांची काळजी घेणारा मुलगा

बाबांची सही अगदी पूर्वीसारखी येते, बँकेनेही मान्य केली. पण चेकवर रक्कम अक्षरी लिहिताना हात थांबतो. सही येते तर लिहिणं गेलंय असं कसं म्हणायचं?

ठाणे पश्चिम, ऑक्युपेशनल थेरपिस्ट

सही हा हजारो वेळा गिरवलेला एक आकार आहे. तिच्यासाठी शब्द जुळवावा लागत नाही. सही वगळून तपासा. पाच शब्द सांगून लिहायला लावा, त्यात एखादं जोडाक्षर आणि एखादी वेलांटी असू द्या. मग तेच शब्द बघून उतरवायला सांगा. बघून नीट येतं आणि ऐकून येत नाही, तर हात ठीक आहे, अक्षरं आठवून मांडण्यात अडचण आहे. शेवटी तेच शब्द मोबाइलवर टाइप करू द्या. टाइप होतं पण पेनाने होत नाही, तर अक्षराचा आकार काढण्याचा मार्ग बिघडलाय. दोन्हीकडे चुकतं, तर शब्दाची जुळणीच. दोन्हीचे व्यायाम वेगळे आहेत, म्हणून एवढा आग्रह.

डाव्या-उजव्याचंही टप्प्याने बघा. आधी "हाताने कान धरा". हेच जमलं नाही तर भाषा समजण्यात अडचण आहे आणि पुढची चाचणी वाया जाईल. मग "उजवा हात वर करा", मग "डाव्या हाताने उजवा कान धरा", आणि शेवटी समोर बसलेल्या माणसाचा डावा हात. या शेवटच्या पायरीवर भलेभले अडतात, तेवढ्यावरून काही ठरवू नका.

घरात "डावीकडे वळा" हे बोलणं काही दिवस बंद करा. "खिडकीच्या बाजूला", "मंदिराच्या दिशेने" असं सांगा. यूपीआयने पैसे देताना टाकलेली रक्कम दुसऱ्याने मोठ्याने वाचल्याशिवाय पिन टाकायचा नाही, हा नियमच करा. 207 चे 2007 तिथेही होतात.

कळवा, फिजिओथेरपिस्ट

नावांबद्दलचं पटलं, उद्यापासून खोकं वापरतो. पण मग चारही एकत्र येतात ती का?

माजिवडा, न्यूरोलॉजिस्ट

माजिवडा नाक्याचंच उदाहरण घ्या. घोडबंदरला जाणारा, नाशिककडे जाणारा आणि ठाणे शहरात येणारा, तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नाका बंद पडला की तिघंही अडकतात. 2009 मध्ये रुस्कोनी आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांचे स्कॅन केले. चारही कामांना सामाईक असा कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, एक तुकडा मिळाला नाही, पण त्या जागांना जोडणारे तंतू डाव्या पराइटल भागात खाली एका ठिकाणी जवळजवळ येतात. तिथे छोटी इजा झाली तर चारही एकदम जाऊ शकतात. मला हे पटतं. मात्र बेंटनने 1961 मध्ये घेतलेला आक्षेप संपलेला नाही: या चार लक्षणांचं एकमेकांशी जितकं जुळतं, तितकंच त्यांचं पराइटल भागाच्या इतर लक्षणांशीही जुळतं. मग या चारांनाच एक नाव का द्यायचं?

रुग्णाजवळ उभं असताना याचा अर्थ मी मर्यादित घेतो. बोलणं आणि समजणं ठीक असून चारही असतील, तर इजा डाव्या पराइटल भागाच्या खालच्या बाजूला, असं स्कॅनआधीच सांगता येतं. एखाददुसरं लक्षण असेल तर जागा सांगण्याचं धाडस मी करत नाही. इजा कशाने झाली, हे ही चार लक्षणं सांगत नाहीत. ते वेगावरून कळतं. काही मिनिटांत झालं असेल तर स्ट्रोक समजून ताबडतोब सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तोंड वाकडं नाही, हातात ताकद आहे म्हणून घरचे नेमके हेच रुग्ण उशिरा आणतात. महिनोन्महिने हळूहळू वाढत असेल तर गाठ किंवा मेंदूच्या मागच्या भागाची झीज शोधावी लागते.

कोपरखैरणे, वडिलांची काळजी घेणारा मुलगा

आज जेवणानंतर पाच शब्द घेतले. बघून पाचही बरोबर. ऐकून दोन. मोबाइलवरही दोनच, आणि चुकले ते तेच तीन.

ठाणे पश्चिम, ऑक्युपेशनल थेरपिस्ट

दोन्हीकडे तेच तीन चुकले, म्हणजे जुळणीकडे बोट दाखवतंय. मोबाइलने शब्द सुचवलेला त्यांनी निवडला होता का? तो पर्याय बंद करून उद्या वेगळे पाच शब्द घ्या, आणि कागद व मोबाइलवरचं दोन्ही जपून ठेवा. पुढच्या भेटीला वाशीच्या मॅडमना ते बघायचं असेल.