शॉर्टमधून आलेला सबस्क्रायबर पुढे किती बघतो?

सायकलवाला
माझं यूट्यूबवर सायकल दुरुस्तीचं चॅनल आहे. एका शॉर्टमुळे दहा दिवसांत ९,००० चे १५,२०० सबस्क्रायबर झाले. आधीचे बहुतेक लोक लांब व्हिडिओ बघून हळूहळू जमले होते. नवे लोक पुढे खरंच बघतात का, आणि किती? सबस्क्रायबर कुठून आला यावरून त्याची किंमत काढता येते का?

आकडेमोड
येते, पण एकेका माणसाची नाही, गठ्ठ्याची. स्टुडिओत Subscription source मध्ये दिसतं की सबस्क्राइबचं बटण कुठे दाबलं गेलं. Subscription status मध्ये दिसतं की वॉच टाइमपैकी किती सबस्क्रायबरांचा आणि किती बाकीच्यांचा. या दोन तक्त्यांना जोडणारी माणसाची ओळख आपल्या हातात येत नाही. त्यामुळे जोड वेळेवरून लावावी लागते. तुमच्याकडे ६,२०० लोक एकदम आले, हे त्यासाठी सोयीचं आहे.

उडीच्या आधीचे सहा लांब व्हिडिओ घ्या आणि नंतरचे सहा. विषय आणि लांबी साधारण सारखी असू द्या. प्रत्येकाचा पहिल्या ७ दिवसांतला फक्त Subscribed वॉच टाइम लिहून काढा. एकूण वॉच टाइम घेऊ नका, त्यात शिफारशीतून आलेले अनोळखी प्रेक्षक मिसळतात. आणि उडीनंतर निदान दोन आठवडे गेल्यावरचेच व्हिडिओ धरा, म्हणजे नव्या नवलाईचे बघणारे गळून गेलेले असतील.

रात्रपाळी
एवढा खटाटोप कशाला? महिन्याचा Subscribed वॉच टाइम भागिले सबस्क्रायबर, झालं. मी तेच करतो.

आकडेमोड
रात्रपाळी, त्यातून चॅनलची सरासरी मिळते आणि ती उपयोगाची आहेच. पण प्रश्न नव्यांचा आहे. तुमच्या भागाकारात जुन्यांची मिनिटं नव्यांच्या नावावरही वाटली जातात. नवे काहीच बघत नसले तरी उत्तर शून्य येणार नाही, फक्त सरासरी घसरेल, आणि ती कोणामुळे घसरली ते कळणार नाही.

सायकलवाला
आकडे काढले. आधीचे सहा व्हिडिओ ३८ ते ४४ तासांच्या मध्ये, सरासरी ४१. नंतरचे सहा ३६ ते ४६ च्या मध्ये, सरासरी ४२.

आकडेमोड
आधी जुन्यांचं बघू. ४१ तास म्हणजे २,४६० मिनिटं. ९,००० ने भागलं की दर व्हिडिओमागे दर सबस्क्रायबर साधारण १६ सेकंद येतात. नव्यांनी वाढवला १ तास. ६० मिनिटं भागिले ६,२००, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या जरा वर.

हा अर्धा सेकंद खरा मानू नका. तुमचे व्हिडिओ एकमेकांपासूनच सहा-दहा तासांनी वेगळे पडतात, त्यात एका तासाचा फरक दिसणारच नाही. म्हणून उलट विचारायचं: खरी वाढ फार तर किती असू शकेल? मनाचा मोठेपणा दाखवून ५ तास धरले, तरी ३०० भागिले ६,२०० म्हणजे जेमतेम ३ सेकंद. १६ च्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. नेमकी किंमत कळली नाही, पण लांब व्हिडिओंपुरती तिची वरची मर्यादा कळली.

उभा_पडदा
हे मला अजिबात पटत नाही. शॉर्ट बघून आलेला माणूस शॉर्टच बघणार. तुम्ही त्याला लांब व्हिडिओच्या फूटपट्टीने मोजताय आणि म्हणताय तो बघत नाही! शॉर्ट्सवरचा Subscribed वॉच टाइम कोणी काढला का?

सायकलवाला
आता काढला. शॉर्टआधी आठवड्याला २ तास होता, नंतर ९.

आकडेमोड
उभा_पडदा, हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. ७ तास वाढ म्हणजे ४२० मिनिटं. ६,२०० ने भागून दर माणशी आठवड्याला ४ सेकंद. लहान आकडा आहे, पण इथे २ चे ९ झाले आहेत, ही वाढ गोंगाटात हरवणारी नाही. नवे लोक झोपलेले नाहीत, दुसऱ्या खोलीत बसले आहेत. त्या ४ सेकंदांचं मोल लांब व्हिडिओच्या १६ सेकंदांइतकं धरायचं का, हे मात्र मोजमापाने ठरत नाही. तुम्ही चॅनल कशासाठी चालवता त्यावर ते आहे.

नवी_सुरुवात
म्हणजे शॉर्टच्या सबस्क्रायबरांनी कमाई सुरू व्हायला लागणारे ४,००० तास भरत नाहीत, असं ना? माझे १,००० सबस्क्रायबर कधीच झाले, तास अडकलेत.

उभा_पडदा
तो वेगळा प्रश्न आहे. शॉर्ट्स फीडवर बघितलेला वेळ त्या ४,००० तासांत मुळात धरलाच जात नाही, मग बघणारा सबस्क्रायबर असो वा नसो. शॉर्ट्ससाठी वेगळी अट आहे, ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज.

शिकवणीघर
मी माझ्या स्वतःच्या साइटवर शिकवण्यांचे व्हिडिओ ठेवते. सगळे लॉगिन करून बघतात, त्यामुळे माझ्याकडे माणूस आणि त्याचा स्रोत थेट जोडलेला असतो. तरी मी वर्षभर चुकीचं उत्तर काढत होते, कारण साध्या JOIN मध्ये ज्यांनी पुढे काहीच बघितलं नाही ते लोक गळून जायचे. उरलेल्यांची सरासरी प्रत्येक स्रोतासाठी छान दिसायची. शून्यवाल्यांना परत आत घेतलं तेव्हा स्रोतांचा क्रमच उलटा झाला.

```
SELECT s.source, AVG(COALESCE(w.minutes, 0))
FROM subs s
LEFT JOIN watch_d8_d35 w
  ON w.user_id = s.user_id
GROUP BY s.source;
```

`watch_d8_d35` मध्ये नाव नोंदवल्यापासून ८ ते ३५ व्या दिवसापर्यंतची मिनिटं आहेत, दर माणशी एक ओळ. ३५ दिवस पूर्ण न झालेले `subs` मध्ये घेऊच नका, नाहीतर कालपरवा आलेला स्रोत विनाकारण मार खातो.

आकडेमोड
पहिल्या सात दिवसांचा वेळ वगळलात हे मला फार आवडलं. आल्या आल्या जे बघितलं जातं ते आपल्याला ओढून आणलेल्या व्हिडिओचं कौतुक असतं, सवय नंतर दिसते.

गिअर_बदला
माझी हरकत मुळावर आहे. जुने सबस्क्रायबर १६ सेकंद बघतात ते सबस्क्राइब केल्यामुळे, की त्यांना सायकल दुरुस्तीची गरज आहे म्हणून? त्यातले कित्येक जण बटण न दाबताही होम पेजवरून किंवा शोधून आलेच असते. मग ती मिनिटं सबस्क्रिप्शनच्या खात्यावर का लिहायची? Subscribed हा माणसाला लावलेला शिक्का आहे, त्याच्या येण्याचं कारण नव्हे. शिवाय लॉगिन न करता बघणारा तुमचा पक्का प्रेक्षकही Not subscribed मध्येच मोजला जातो.

आकडेमोड
मान्य. बटण दाबलं नसतं तर काय झालं असतं, हे या आकड्यांतून निघत नाही. Subscribed वॉच टाइम ट्रॅफिकच्या स्रोताने फोडून सबस्क्रिप्शन फीड आणि सूचनांवरून आलेला भाग वेगळा काढता येतो, तो बटणाच्या श्रेयाला सर्वात जवळचा. पण होम पेजवर व्हिडिओ दिसण्यातही सबस्क्राइब केल्याचा काही वाटा असणार, म्हणून तेवढाच धरला तर किंमत कमी लागते. सगळा धरला तर जास्त.

सायकलवाला
मग लांब व्हिडिओतून आलेल्यांची किंमत ते १६ सेकंदच धरू का? गिअर लावण्याच्या एका व्हिडिओने दोन महिन्यांत ७०० दिलेत.

आकडेमोड
नाही. त्या १६ सेकंदांत वर्षानुवर्षांचे जुने, सोडून गेलेले, खातं विसरलेले सगळे आहेत. आज गिअरच्या व्हिडिओवरून येणारा बहुधा त्याहून जास्त बघत असेल, पण सिद्ध करता येणार नाही. रोज दहा-बारा जण येतात, तेवढ्यात बाकीच्या व्हिडिओंवरूनही येत असतात, आधी आणि नंतर अशी रेघच मारता येत नाही. ही पद्धत उडी पकडते, झिरपणं नाही.

गिअर_बदला
म्हणजे दोन स्रोतांची तुलना झालीच नाही. एका बाजूची वरची मर्यादा आणि दुसऱ्या बाजूची जुनी सरासरी, एवढंच हातात आहे.

सायकलवाला
शॉर्टच्या त्या ६,२०० मधले तीन महिन्यांनी किती उरतात ते बघतो. त्या शॉर्टसमोर Subscribers lost चा आकडा रोज वाढतोय, आज ३१० आहे. हे सोडून गेलेले भागाकारातून वजा करायचे की ठेवायचे?

शिकवणीघर
ठेवा. गेलेला माणूस हाही त्या स्रोताचाच निकाल आहे, शून्य मिनिटांचा.

आकडेमोड
मीही वजा केले नसते, कारण तो तक्ता गेलेला माणूस कुठून आला होता ते सांगत नाही. ज्या व्हिडिओवरून सबस्क्रिप्शन काढलं त्याच्यासमोर तो मोजला जातो. त्या ३१० मध्ये तुमचे जुनेही असतील.