ऊस, रस, गूळ, कवी : तत्सम कोणते, तद्भव कोणते?

कागल : सातवीसाठी यादी केली आहे : ऊस, रस, गूळ, शेत, कवी, वीर, गरीब, पुष्कळ. 'कवी'वर अडले. संस्कृतात 'कवि' ऱ्हस्व आहे, मग आपला दीर्घ 'कवी' तद्भव धरायचा का?

शाहूपुरी : सोपी खूण आहे, जोडाक्षर बघा. हस्त, कर्ण, सप्त यांत आहे, ते तत्सम. हात, कान, सात यांत नाही, ते तद्भव.

रंकाळा : ही खूण त्या तिन्ही जोड्यांना लागते, कारण तिथे जोडाक्षरच झिजलं आहे : हस्तचं प्राकृतात हत्थ, मग हात. एक व्यंजन गळलं आणि आधीचा स्वर लांबला. पण 'रस'मध्ये जोडाक्षर नसूनही तो जसाच्या तसा संस्कृत आहे, आणि 'जिल्हा'मध्ये असूनही तो मूळचा अरबी.

'कवी' तत्समच. शेवटचा इकार दीर्घ लिहायचा हा 1962 च्या लेखननियमांचा भाग आहे, शब्द झिजलेला नाही. 'कविसंमेलन' लिहिताना ऱ्हस्व परत येतो तो त्यामुळेच.

उपान्त्य ई-ऊ दीर्घ असेल तर शब्दाला 'ला' लावून बघा. ऊस-उसाला, गूळ-गुळाला, इथे ऱ्हस्व झाला. वीर-वीराला, शरीर-शरीराला, इथे दीर्घच राहिला. दीर्घ टिकला तर तत्सम.

शाहूपुरी : मग गरीब-गरिबाला म्हणजे 'गरीब' तद्भव?

रंकाळा : नाही, तो अरबी. 'ला' लावून शब्द तत्सम नाही एवढंच कळतं. तद्भव ठरवायला मधली पायरी दाखवावी लागते. इक्षु, उच्छु, ऊस. क्षेत्र, छेत्त, शेत. 'गूळ' हा 'गुड'वरून, ड चा ळ होऊन. सोळा आणि तळे यांतही तेच झालं, षोडश आणि तडाग यांवरून.

गडहिंग्लज : आमच्याकडं घरोघरी अक्का, अण्णा म्हणतात. जोडाक्षर हाय की दोन्हींत. तत्सम म्हणायचं?

रंकाळा : ते कानडीतही तसेच आहेत, संस्कृतातून आलेले नाहीत. कागलच्या बाईंनी तिसरा रकाना आखावा, 'गरीब'ही तिथेच जाईल.

कागल : आणि 'पुष्कळ'?

रंकाळा : मी तत्समात ठेवेन. झिजला असता तर 'ष्क' टिकला नसता. शुष्कचं सुक्ख आणि मग सुका झालं, तसं काही झालं असतं. इथे फक्त शेवटच्या ल चा ळ झाला आहे.

शाहूपुरी : पटत नाही. संस्कृतात 'पुष्कल', आपण 'पुष्कळ'. रूप बदललं की तद्भव. नाहीतर फळ, कमळ हेही तत्सम म्हणावे लागतील.

रंकाळा : फळ, कमळ यांत झिजायला जोडाक्षरच नाही, म्हणून ते प्राकृतातून आले की थेट संस्कृतातून, हे नुसत्या रूपावरून ठरत नाही. मी त्यांना तद्भव म्हणतो, पण 'पुष्कळ'इतकी खात्री देणार नाही.

कागल : मग ळ-वाले तिन्ही परीक्षेतून वगळते. वर्गात फळ्यावर मात्र घेईन.