मदत हवी आहे: हीट पंपाचा सीओपी निम्माच का?

नमस्कार मंडळी. पेडण्यात आमच्या घरी पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. रोज 300 लिटर पाणी 26 अंशांवरून 50 पर्यंत तापवावं लागतं. हिशेबाने त्याला साधारण 8.4 युनिट उष्णता लागते. गीझर वीज थेट उष्णतेत बदलतो, म्हणून तितकीच वीज खायचा. 6 रुपये दराने रोजचे 50 रुपये.

हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. विक्रेत्याने सीओपी 3.5 सांगितला होता, म्हणजे 2.4 युनिटांत, 14-15 रुपयांत काम व्हायला हवं. पण वेगळ्या मीटरवर रोज 4.2 युनिट दिसतात. सीओपी जेमतेम 2! गीझरपेक्षा स्वस्तच, पण मशीनची किंमत वसूल कधी होणार?

माझे दोन संशय आहेत. मशीन बंद कोठीत ठेवलंय. तासाभरात ती खोली गारठते (आईने तिथे भाजी ठेवायला सुरुवात केलीय) आणि पंप तीच थंड हवा पुन्हा ओढतो. दुसरं म्हणजे टाकीतली 1500 वॅटची कॉइल गुपचूप चालू होत असावी. तसं असेल तर क्लॅम्प मीटरवर करंट अचानक साडेसहा अँपिअरने वाढायला हवा ना?

आधी काय तपासू? आणि मशीन बाहेर पडवीत हलवलं, तर खाऱ्या वाऱ्याने त्याच्या जाळीचं काय होईल?