पगाराच्या तारखेआधी खात्याची माहिती देण्याची तारीख लिहा

"३० तारखेचा पगार नव्या बँकेत जमा होणार अशी सूचना लावली, पण निम्म्या लोकांनी अजून खात्याची माहिती दिलेली नाही. ती पुन्हा कशी लिहू?"

वाचणाऱ्याच्या डोक्यात ३० तारीखच बसते, म्हणून तो निवांत राहतो. खरी मुदत म्हणजे पगाराची यादी बँकेकडे जाण्याचा दिवस. समजा ती २६ तारखेला जाते. चुकीचे क्रमांक दुरुस्त करायला तुम्हाला चार-पाच दिवस लागतीलच, म्हणून लोकांना २० तारीख द्या आणि सुरुवातच तिने करा:

"२० तारखेपर्यंत नव्या बँकेत खातं उघडा आणि खात्यावरचं नाव व क्रमांक छापलेला बँकेचा कागद पगार विभागात आणून द्या. त्यानंतर माहिती देणाऱ्यांचा या महिन्याचा पगार जुन्याच खात्यात जाईल. जुनं खातं इतक्यात बंद करू नका."

छापील कागद मी मुद्दाम मागते. हाताने उतरवलेल्या क्रमांकात एक आकडा चुकला, की पगार परत येतो किंवा दुसऱ्याच्याच खात्यात पडतो. उशिरा येणाऱ्यांचं काय होईल, हे मात्र बँकेशी बोलून मगच लिहा.

जुन्या खात्याबद्दल आणखी एक ओळ हवी. कर्जाचे हप्ते तिथूनच आपोआप कापले जातात. पगार हलला आणि हप्ता तिथेच राहिला, तर तो परत जातो आणि दंड बसतो. तेव्हा हप्ता नव्या खात्यातून एकदा कापला गेलेला पाहूनच जुनं खातं बंद करा, असं स्पष्ट लिहा.